स्लाइडवरच्या वाक्याचं शेपूट

बडोद्यातल्या मराठी मंडळांत आता व्याख्यानाच्या स्लाइड दोनदा वाचल्या जातात. एकदा सभागृहात, पडद्यावर. आणि नंतर घरी, फोनवर, कारण व्याख्यान संपायच्या आतच कुणीतरी म्हणतं, "ग्रुपवर टाका ना." दांडिया बाजारातल्या आजोबांपासून पुण्याला नोकरी करणाऱ्या नातवापर्यंत सगळ्यांकडे ती फाइल जाते, आणि बहुतेक जण ती फोन उभा धरूनच उघडतात. सभागृहात जी स्लाइड कशीबशी निभावली, ती इथे उघडी पडते.

नमुना म्हणून एक स्लाइड घेऊ. विषय बडोद्याचाच, मथळा 'सयाजीराव महाराजांचे शैक्षणिक कार्य', आणि खाली हा मजकूर:

"श्रीमंत महाराजा तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या संस्थानामध्ये शिक्षणाचा प्रसार व्हावा या उदात्त हेतूने सन १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रायोगिक तत्त्वावर सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू केली व तिला मिळालेले यश लक्षात घेऊन सन १९०६ मध्ये ही योजना संपूर्ण संस्थानात लागू करण्यात आली. त्याचप्रमाणे सन १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात पाचारण करण्यात आले व त्यांच्या मार्गदर्शनाखाली मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी होऊन खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठविण्यात येऊ लागल्या."

वाक्यं दोनच, पण शब्द सत्तरेक. मजकुरात चूक काही नाही. स्मरणिकेत हाच परिच्छेद खपून जाईल. स्लाइडवर मात्र तो मावावा म्हणून अक्षर वीस पॉइंटांवर आणावं लागतं, आणि तिथून पुढचं सगळं गणित बिघडतं.

ते गणित एकदा नीट करून ठेवण्यासारखं आहे, म्हणजे "अक्षर जरा मोठं ठेवा" असल्या मोघम सूचनेवर राहावं लागत नाही. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर रुंद आणि १९.०५ सेंटिमीटर उंच असते. आजकालच्या साध्या फोनचा पडदा उभा धरला तर सातेक सेंटिमीटर रुंद भरतो. म्हणजे उभ्या फोनवर स्लाइड जवळपास पाचपट लहान होते. वीस पॉइंटांचं अक्षर तिथे चार पॉइंटांचं दिसतं. मराठी पुस्तकाचा मजकूर सहसा बारा पॉइंटांच्या आसपास असतो. चार म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा, औषधाच्या पट्टीच्या मागे छापतात तसला. फोन आडवा केला की परिस्थिती सुधारते: स्लाइड २.८ पट लहान होते आणि वीसचं अक्षर सातचं दिसतं. पण फोन आडवा करायला आधी पडद्याचं फिरणं चालू असावं लागतं. पुष्कळांनी ते बंद करून ठेवलेलं असतं, आणि एका फाइलसाठी ते कुणी चालू करत नाही.

तेव्हा हिशेब उभ्या फोनचाच धरायचा: स्लाइडवरच्या अक्षराला पाचने भागा. उत्तर नऊच्या आसपास आलं तर बोटांनी न ताणता वाचता येतं. सातच्या खाली आलं तर चाळिशी लागलेला माणूस चिमटीने मजकूर मोठा करणार, ओळीच्या शेवटापर्यंत सरकवत जाणार, परत मागे येणार, आणि तिसऱ्या ओळीला फाइल बंद करणार. नऊ हवे असतील तर स्लाइडवर चव्वेचाळीस ते अठ्ठेचाळीस पॉइंट लागतात. हा आकडा ऐकून लोक दचकतात, कारण त्यांना मथळाही एवढा मोठा ठेवायची सवय नसते.

चव्वेचाळीस पॉइंटांत किती मावतं? स्लाइड आडवी ९६० पॉइंट आणि उभी ५४० पॉइंट. दोन्ही बाजूंचा समास सोडला तर एका ओळीत साधारण अठ्ठावीस अक्षरं बसतात. जोडाक्षरं जास्त असली तर थोडी कमी. उभ्या दिशेने मथळ्याची एक ओळ आणि खाली चार ओळी, मध्ये श्वास घ्यायला जागा. पाचवी ओळ ओढूनताणून बसते. म्हणजे "स्लाइडवर चारच मुद्दे" हा कुणा सादरीकरण-गुरूचा नियम मानायची गरज नाही, फोनची रुंदी तो आपोआप लावते. आपल्याकडे चार ओळी आहेत, प्रत्येकी अठ्ठावीस अक्षरांची, आणि सत्तर शब्द त्यात बसवायचे आहेत. ते बसणार नाहीत. कापायचंच आहे, तर काय आणि कुठून, एवढाच प्रश्न उरतो.

मराठी वाक्य कापायला सोयीचं आहे, आणि नेमकं त्यामुळेच धोक्याचंही. सोय आधी पाहू. आपल्याकडे कुणी, कुणाला, कुठे, कशाने हे सगळं नामाला चिकटलेल्या प्रत्ययात असतं. 'अमरेलीत', 'संस्थानात', 'ग्रंथपालांना', 'अमेरिकेहून' हे शब्द सुटे उभे राहिले तरी आपलं नातं सांगतात. त्यामुळे वाक्याचं शेपूट, म्हणजे शेवटचं क्रियापद, छाटलं तरी बाकीचं वाक्य कोसळत नाही. "१९०६ मध्ये ही योजना संपूर्ण संस्थानात लागू करण्यात आली" यातून "लागू करण्यात आली" काढा, "मध्ये ही योजना" काढा, उरतं "१९०६ : संपूर्ण संस्थानात". अर्थ शाबूत आहे.

म्हणून पहिली कात्री 'करण्यात आले', 'देण्यात येते', 'होऊ लागल्या' या शेपटांवर. सरकारी परिपत्रकांतून आलेली ही सवय आपल्या सगळ्यांच्या हातात मुरली आहे. नमुन्याच्या स्लाइडवर अशी तीन शेपटं आहेत: 'लागू करण्यात आली', 'पाचारण करण्यात आले', 'पाठविण्यात येऊ लागल्या'. नऊ शब्द, आणि माहिती जवळपास शून्य.

दुसरी कात्री जोडणाऱ्या शब्दांवर: 'त्याचप्रमाणे', 'व', 'होऊन', 'लक्षात घेऊन'. बोलताना ते लागतात, कारण ऐकणाऱ्याला पुढचा मुद्दा आला हे कळायला हवं. स्लाइडवर ते काम नवी ओळ करते. मात्र 'लक्षात घेऊन' जरा थांबून पाहावं. "तिला मिळालेले यश लक्षात घेऊन" यात एक दावा दडलाय: अमरेलीत यश आलं आणि त्यामुळे पुढचं पाऊल पडलं. हा दावा सांगायचा असेल तर तो तोंडाने, आधारासकट सांगावा. स्लाइडवर बाण काढून दोन सालं जोडली की वाचणारा कार्यकारण गृहीत धरतो. तुम्हाला ते म्हणायचं नसेल तर बाण नको, नुसत्या दोन ओळी पुरेत.

तिसरी कात्री विशेषणांवर. 'उदात्त हेतूने' गेलं तर कुणाचं काही अडत नाही. 'शिक्षणाचा प्रसार व्हावा' हेही जाऊ द्या, सक्तीचं शिक्षण दुसऱ्या कशासाठी असणार? पण 'श्रीमंत महाराजा' काढताना बडोद्यात जपून. इथे स्लाइडवर नुसतं 'सयाजीराव' लिहिलं तर पहिल्या रांगेतून कुणीतरी हमखास टोकतं, आणि त्यांचं चुकतही नाही. पहिल्या स्लाइडवर पूर्ण नाव सगळ्या मानासकट, आणि पुढे सगळीकडे नुसतं 'महाराज'. मान राहतो आणि अक्षरं 'सयाजीराव'पेक्षाही कमी लागतात.

आता ज्या शब्दांना हात लावायचा नाही ते. 'प्रायोगिक तत्त्वावर' हे शब्द जड आहेत, लांब आहेत, कात्री पहिल्यांदा त्यांच्यावरच जाते. आणि तिथेच घोटाळा होतो. ते गेले, सोबत जागेअभावी 'अमरेली'ही गेली, की ओळ उरते "१८९३ : सक्तीचं मोफत शिक्षण". वाचायला छान आणि वस्तुस्थितीला सोडून. १८९३ मध्ये सक्ती होती ती अमरेली तालुक्यापुरती, प्रयोग म्हणून. सबंध संस्थानात ती आली १९०६ मध्ये. तेरा वर्षांचं अंतर दोन शब्दांवर टांगलेलं होतं. आणि चुकलेली स्लाइड ग्रुपवरून पुढे गेली की तीच ओळ पुढच्या निबंधात, पुढच्या भाषणात जाते. उपाय न कापणं हा नाही, हलका शब्द शोधणं हा आहे: 'प्रायोगिक तत्त्वावर' ऐवजी 'प्रयोग'. "१८९३ : अमरेलीत प्रयोग". अठ्ठावीसच्या निम्मी अक्षरंही लागली नाहीत.

कुठला शब्द ठेवायचा हे ठरवायला मला एक कसोटी पुरते: तो काढल्यावर ओळ आणखी मोठा दावा करायला लागते का? 'फक्त', 'पर्यंत', 'पासून', 'किमान', 'काही', 'प्रयोग', 'प्रस्तावित' हे शब्द दाव्याला कुंपण घालतात. त्यांच्यावर कात्री नाही. 'उदात्त', 'अत्यंत', 'मोलाचे', 'विविध' काढल्यावर दावा आहे तेवढाच राहतो. ते जाऊ द्या.

नमुन्याची स्लाइड या हिशेबाने दोन स्लाइडांत मोडते, कारण मुळात तिच्यात दोन गोष्टी होत्या, शाळा आणि पुस्तकं. पहिली:

शाळा सक्तीची झाली, दोन टप्प्यांत
१८९३ : अमरेलीत प्रयोग
१९०६ : संपूर्ण संस्थानात
दोन्ही वेळा मोफत

दुसरी:

पुस्तकं खेड्यांपर्यंत गेली
१९१० : अमेरिकेहून बॉर्डन
बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय
गावोगाव पुस्तकांच्या पेट्या

सत्तर शब्दांचे सव्वीस झाले आणि माहिती जवळपास सगळी राहिली. गेलं ते मुख्यतः 'ग्रंथपाल' हे बॉर्डन यांचं पद, आणि ते बोलणाऱ्याने सांगायचं. पण फाइल घरी वाचणाऱ्याला बोलणारा ऐकू येत नाही, मग त्याला बॉर्डन कोण हे कसं कळावं? तेव्हा "१९१० : ग्रंथपाल बॉर्डन, अमेरिकेहून". अजून अठ्ठावीसच्या आतच आहे. असे निर्णय प्रत्येक ओळीला घ्यावे लागतात, आणि त्यासाठी ओळ वाचायची ती सभागृहात नसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी.

या दोन स्लाइडांत एक गोष्ट मुद्दाम केली आहे. खालच्या ओळींत क्रियापद एकही नाही, पण दोन्ही मथळ्यांत आहे: 'झाली', 'गेली'. माझ्या मते फोनसाठी केलेल्या स्लाइडचा हाच खरा आधार. सगळी शेपटं कापा, पण एक ठेवा, आणि ते मथळ्यात ठेवा. 'शैक्षणिक कार्य' हा मथळा कपाटावरची चिठ्ठी झाली, आत काय आहे ते सांगत नाही. मग प्रत्येक ओळीला एकटीनेच सगळा अर्थ पेलावा लागतो, आणि ओळी पुन्हा लांबायला लागतात. मथळ्यानेच विधान केलं की खालच्या ओळी त्याच्या आधारावर तुटक राहू शकतात. 'संपूर्ण संस्थानात' म्हणजे काय संपूर्ण संस्थानात, हे मथळा सांगून चुकलेला असतो. मथळ्याला मग दहा-बारा अक्षरं जास्त लागली तरी चालतील, दोन ओळी झाल्या तरी चालतील. त्या बदल्यात खालून एक ओळ कमी करा.

आता धोका. मराठीत 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं. जे शेपूट आपण इतक्या सहज छाटतो, त्याच्यातच कधी कधी सगळा नकार बसलेला असतो. मंडळाच्या वाचनालयाची सूचना घ्या: "दुर्मीळ पुस्तके सभासदांना घरी नेता येणार नाहीत." घाईत कापली की होतं "दुर्मीळ पुस्तके : सभासदांना घरी". उलटा अर्थ. इतकं ढळढळीत कुणी करत नाही असं वाटेल, पण यादीतल्या आठ ओळींची शेपटं एकामागून एक कापताना सहावी ओळ नकाराची आहे हे लक्षात राहत नाही. शिवाय तसं कापलेलं वाचताना काही खटकत नाही. ओळ व्याकरणाने नीटच असते, त्यामुळे दुसऱ्यांदा तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते. मूळ मजकूर शेजारी ठेवून तपासलं तरच सापडते.

नुसतं 'नाही' परत चिकटवणं हा एक उपाय, पण लहान पडद्यावर तो कच्चा आहे. ओळ जरा लांबली की 'नाही' घसरून पुढच्या ओळीवर एकटं पडतं, आणि वरवर वाचणारा पहिली ओळ वाचून पुढे जातो. त्यापेक्षा नकार उलटून होकारात मांडावा: "दुर्मीळ पुस्तकं : इथेच वाचायला". "३१ तारखेनंतर अर्ज स्वीकारले जाणार नाहीत" याचं "अर्ज : ३१ तारखेपर्यंतच". "मोबाइल चालू ठेवू नये" याचं "मोबाइल बंद". होकारी ओळ जवळजवळ नेहमीच लहान होते, आणि तिचं वजन पहिल्या एक-दोन शब्दांत येतं. जिथे उलटता येत नाही तिथे नकार पुढे आणा: "पार्किंग नाही : मुख्य दाराशी".

नकाराइतकंच, पण कमी दिसणारं, शेपटात बसतं ते खात्रीचं माप. 'होणार आहे', 'असावे', 'असे म्हणतात', 'विचाराधीन आहे'. "सभागृहाचे नूतनीकरण दिवाळीपूर्वी करण्याचा कार्यकारिणीचा विचार आहे" ही ओळ कापून "दिवाळीपूर्वी नूतनीकरण" झाली की विचाराचं वचन झालं, आणि दिवाळीनंतर त्या स्लाइडचा फोटो कुणीतरी ग्रुपवर परत टाकणार हे ठरलेलं. एक शब्द पुरतो: "नूतनीकरण दिवाळीपूर्वी, विचार चालू". इतिहासाच्या स्लाइडवर हेच काम 'बहुधा' करतो.

कापायला बसलेले लोक आणखी एका ठिकाणी फसतात: शब्द कमी करायच्या नादात संस्कृत समास रचत जातात. 'ग्रंथपेटी वितरण व्यवस्था अंमलबजावणी'. चारच शब्द, म्हणून लहान वाटतं. पण फोनवर मोजदाद शब्दांची होत नाही, अक्षरांची होते, आणि जोडाक्षरं तर लहान आकारात सगळ्यात आधी गढूळ होतात. 'ष्ट्य', 'द्ध', 'त्त्व' यांतल्या बारीक रेघा नऊ पॉइंटांत जेमतेम सुट्या दिसतात. शिवाय बडोद्यातली पुष्कळ मुलं गुजराती माध्यमात शिकतात. घरी मराठी अस्खलित बोलतात, देवनागरीही ओळखतात, पण 'अंमलबजावणी'वर त्यांची नजर अडखळते. 'पेट्या गावोगाव' हे त्यांनाही एका नजरेत कळतं. जुन्या माणसांचे डोळे आणि नव्या मुलांची लिपी, दोघांनाही साधा शब्दच सोपा.

'करणे'ची यादी हा त्याचाच भाऊ. 'नोंदणी करणे', 'शुल्क भरणे', 'पावती घेणे'. कोण करणार ते कळत नाही, आणि प्रत्येक ओळ त्याच 'णे'वर आपटते. सूचना असेल तर सरळ सांगा: 'नाव नोंदवा', 'फी भरा', 'पावती घ्या'. तीन अक्षरांच्या क्रियापदाला कापायची गरजच नसते. शेपूट छाटणं हा काही धर्म नाही.

कापलेली वाक्यं टाकून द्यायची नाहीत. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडच्या खाली 'Notes' ची पट्टी असते, मूळ परिच्छेद जसाच्या तसा तिथे चिकटवा. बोलणाऱ्याला आधार राहतो, आणि आता सांगितलेली तपासणी तिथेच होते: वर कापलेली ओळ, खाली मूळ वाक्य, 'नाही' आणि 'पर्यंत' जागेवर आहेत का ते एकेक करून बघायचं. मात्र नेहमीच्या पद्धतीने पीडीएफ केली तर ही पट्टी तिच्यात येत नाही, हे लक्षात असू द्या.

एवढं सगळं करून फाइल फोनवर गेली, आणि तरी अक्षर बारीक दिसलं तर दोष बहुधा यंत्राचा. पॉवरपॉइंटला एक खोड आहे: चौकटीत मजकूर जास्त झाला की ते गुपचूप अक्षर लहान करतं, आणि ओळींमधलं अंतरही आवळतं. तुम्ही चव्वेचाळीस ठरवलेले असता, शेवटची ओळ टाइप करता आणि अक्षर छत्तीसवर येतं. ओळखायचं असं की एका स्लाइडवर अक्षर मोठं आणि पुढच्यावर जरासं लहान, कारण काही दिसत नाही. चौकटीवर उजवं बटण दाबून 'Format Shape' मध्ये जा, तिथे 'Text Box' खाली 'Do not Autofit' निवडा. आता मजकूर जास्त झाला तर तो चौकटीबाहेर सांडेल. सांडू द्या. सांडलेलं दिसलं की कापायला हवं हे कळतं, आणि हेच तर हवं होतं.

ओळींमधल्या अंतराचं देवनागरीला वेगळं दुखणं आहे. ऑफिसच्या साच्यांत मजकुराचं अंतर बहुतेक वेळा ०.९ ठेवलेलं असतं. इंग्रजीला ते पुरतं. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीतला 'कु' आणि खालच्या ओळीतला 'र्की' एकमेकांना टेकतात, आणि फोनवर तो एकच काळा ठिपका दिसतो. अंतर १.१ ते १.२ करा. त्यासाठी जागा लागते, आणि ती जागा चार ओळींच्या हिशेबातच धरलेली आहे.

आणि मूळ पीपीटी फाइल ग्रुपवर टाकू नका. तुमच्या संगणकावरचा फॉन्ट समोरच्याच्या फोनमध्ये असेलच असं नाही. युनिकोड मजकूर असेल तर फोन आपला फॉन्ट लावतो आणि ओळी दुसरीकडेच तुटतात. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेलं असेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच जातो. स्लाइडांचे फोटो करून पाठवणं त्याहून वाईट, कारण व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबतं आणि शिरोरेषेखालच्या बारीक रेघा विरतात. पीडीएफ, डॉक्युमेंट म्हणून.

पाठवण्याआधीची परीक्षा फोन हातात न घेताही होते. संगणकावर स्लाइडचा झूम कमी करत करत ती पट्टीने मोजून सात सेंटिमीटर रुंद करा, बहुतेक पडद्यांवर हा आकडा वीस टक्क्यांच्या आसपास येतो. आता नेहमीच्या अंतरावरूनच वाचा. संगणक फोनपेक्षा लांब असतो, म्हणून ही परीक्षा जरा कडकच आहे. मथळा वाचता आला आणि ओळींचे पहिले दोन शब्द कळले तर फोनवर सगळं नीट वाचता येईल. शेवटी एकदा खऱ्या फोनवर बघाच: स्वतःलाच पाठवा, फोन उभा, कोपर वाकवलेलं, उजेड निम्म्यावर. बोटांनी ताणायचा मोह झाला ती स्लाइड परत कात्रीखाली.

सगळे वाचणारे फोनवरच असतील, सभागृह नसेलच, तर 'Slide Size' मधून स्लाइडच उभी करता येते, १९.०५ रुंद आणि ३३.८७ उंच. मग भागाकार पाचऐवजी २.८ ने, आणि अठ्ठावीस पॉइंटांचं अक्षरही दहाचं दिसतं. मोठी सोय आहे, पण तिचा तोटाही आहे. उंच स्लाइडवर वीस-बावीस ओळी मावतात, आणि मावतात म्हटल्यावर परिच्छेद परत येऊन बसतो. उभ्या स्लाइडवरही मथळा आणि सहा-सात ओळी, बाकी रिकामं. रिकाम्या जागेत काहीतरी 'टाकूया का?' असं विचारणारा एक जण प्रत्येक कार्यकारिणीत असतो. त्याला चित्र टाकू द्या.

काही मजकूर मात्र कापायचाच नसतो. घटनेतल्या दुरुस्तीचा ठराव, शपथ, देणगीच्या अटी, कुणाचं उद्धृत वाक्य. ज्यावर मत द्यायचं आहे किंवा सही करायची आहे त्याचा शब्दन्‌शब्द समोर असायला हवा, आणि 'सभासदास अधिकार राहील'चं 'सभासदास अधिकार' केलं तर पुढे भांडणाला जागा. वाक्य पंधरा-अठरा शब्दांचं असेल तर स्लाइडवर ते एकटंच, पूर्ण, मथळ्याशिवाय द्यावं. चव्वेचाळीस पॉइंटांत चार-पाच ओळींत बसतं. त्याहून लांब असेल तर स्लाइडवर फक्त "ठराव ३ : वर्गणीत बदल" लिहावं, आणि ठरावाचा मजकूर ग्रुपवर साधा संदेश म्हणून टाइप करून टाकावा. साधा संदेश ज्याच्या त्याच्या फोनवर ज्याने त्याने लावलेल्या अक्षरात उमटतो. अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलेल्या आजोबांनाही तो वाचता येतो, आणि ओळी त्यांच्या पडद्याच्या रुंदीने आपोआप मोडतात.